कंपनीच्या अवॉर्ड नाइट व्हिडिओसाठी होस्टची स्क्रिप्ट कशी लिहायची: नॉमिनींची ओळख, नावाआधीचा पॉज आणि मनापासूनचे आभार

अवॉर्ड नाइटचा व्हिडिओ म्हटलं की सगळे आधी ग्राफिक्स आणि म्युझिकबद्दल बोलायला लागतात, आणि होस्ट काय बोलणार हे शूटिंगच्या आदल्या रात्री कोणीतरी घाईघाईत लिहून देतं. मी असे बरेच व्हिडिओ लिहिलेत आणि बरेच बिघडतानाही पाहिलेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी गडबड स्क्रिप्टमध्येच होती. निकाल पाकीट उघडायच्या आधीच फुटलेला असतो, कधी वाक्यरचनेमुळे, कधी फोटोमुळे, कधी सबटायटलमुळे, आणि मग तो पॉज चार सेकंदांचा ठेवा नाहीतर दहाचा, लोकांना कळलेलं असतं.

म्हणून इथे पूर्ण कार्यक्रमाबद्दल न लिहिता एकाच पुरस्काराचा सेगमेंट घेते, साधारण अडीच मिनिटांचा, आधी रेकॉर्ड केलेला, आणि तो पहिल्या वाक्यापासून शेवटच्या आभारापर्यंत कसा लिहायचा ते सांगते. एक सेगमेंट नीट जमला की बाकीचे त्याच साच्यात बसतात, फक्त तंतोतंत एकसारखे करू नका, ते का ते पुढे येईलच.

आधी वेळ, मग शब्द

कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे पडद्यावर काय दिसतंय ते, उजवीकडे होस्ट काय बोलतोय ते. पॉज हे उजव्या रकान्यात स्वतंत्र ओळीवर लिहायचे, सेकंदांसकट, कारण वाक्याच्या शेवटी नुसते तीन टिंब दिले तर होस्टला ते स्वल्पविरामासारखे वाटतात आणि एडिटरला तर दिसतच नाहीत.

शांतपणे, लोकांना ऐकू जाईल असं मराठी बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात असा माझा अनुभव आहे. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो, त्यामुळे तुमच्या होस्टला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा आणि मोबाइलवर वेळ लावा. मनातल्या मनात वाचून वेळ कधीच काढू नका, तसं वाचताना आपण फार वेगाने जातो आणि शूटिंगला सगळं लांबतं.

उदाहरणासाठी पुरस्काराचं नाव धरू "पडद्यामागचा हात", म्हणजे ज्यांचं काम सहसा कोणाला दिसत नाही अशांसाठीचा. नॉमिनी तीन: अकाउंट्समधले पगाराचं काम बघणारे एक गृहस्थ, डिस्पॅचच्या एक ताई, आणि रात्रपाळीच्या हेल्पडेस्कवरचे एक जण. वेळ अशी वाटली: सुरुवात २० सेकंद, तिघांची ओळख प्रत्येकी २५ म्हणजे ७५, मग निकालाकडे नेणारी वाक्यं १५, पॉज ४, नाव २, टाळ्यांसाठी मोकळी जागा १२, आणि आभार २५. बेरीज १५३ सेकंद, म्हणजे २ मिनिटं ३३ सेकंद. हे आकडे सुरुवातीलाच कागदावर ठेवले की कोणी नंतर येऊन "सरांचे अजून दोन शब्द घाला" म्हणालं तरी ते कुठून कापून घालायचे ते त्यांनाच विचारता येतं.

सुरुवातीच्या २० सेकंदांत पुरस्कार कशासाठी आहे एवढंच सांगायचं, कंपनीचा इतिहास नको. उदाहरणार्थ:

"काही कामं नीट झाली की कोणाच्या लक्षातही येत नाहीत. ती चुकली तरच आपल्याला आठवतात. हा पुरस्कार अशाच कामांसाठी आहे, जी वर्षभर चुकली नाहीत. पडद्यामागचा हात. आणि या वर्षी नॉमिनी आहेत तीन."

नॉमिनीची ओळख: माहिती नॉमिनीला न विचारता शेजारच्याला विचारा

नॉमिनीला स्वतःबद्दल लिहून द्या म्हटलं की बायोडाटा येतो. मॅनेजरला विचारलं की "अत्यंत मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर" येतं, आणि ते तिघांबद्दलही तसंच येतं. त्यामुळे मी नेहमी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला फोन करते आणि एकच प्रश्न विचारते: "ते एक दिवस सुट्टीवर गेले तर तुमचं काय अडतं?" या प्रश्नाला विशेषणात उत्तर देताच येत नाही, काहीतरी खरं घडलेलं सांगावंच लागतं, आणि तीच तुमची ओळख असते.

२५ सेकंदांत साधारण ४५ शब्द बसतात. त्यात नाव, विभाग, डोळ्यासमोर उभं राहील असं एक काम, आणि सहकाऱ्याचं एक वाक्य, एवढंच मावतं. आमच्या तिघांसाठी ते असं होईल:

"(पूर्ण नाव). अकाउंट्स विभाग. महिन्याची शेवटची तारीख जवळ आली की यांच्या टेबलावर एक वही उघडी असते. ज्याची हजेरी जुळत नाही त्याला मेल जात नाही, थेट फोन जातो. सहकारी सांगतात, 'पगाराचा प्रश्न आम्ही विचारायच्या आधीच हे उत्तर घेऊन येतात.'"

"(पूर्ण नाव). डिस्पॅच विभाग. गाडी निघायच्या आधी प्रत्येक खोक्यावरचा पत्ता या स्वतः मोठ्याने वाचतात. पावसात लेबलवरची शाई पसरायची, तेव्हा वरून पारदर्शक टेप लावायची पद्धत यांनीच सुरू केली. सहकारी सांगतात, 'पत्ता चुकून परत आलेलं खोकं आता क्वचितच दिसतं.'"

"(पूर्ण नाव). रात्रपाळीचा हेल्पडेस्क. रात्री दोनला फोन आला तरी समोरून शांत आवाज येतो. तक्रार सुटली की हे दोन ओळींत लिहून ठेवतात, म्हणजे सकाळी तीच तक्रार आली तर उत्तर तयार असतं. सहकारी सांगतात, 'आम्ही आल्यावर आधी त्यांच्या नोंदी वाचतो.'"

तिन्हींचा सांगाडा मुद्दाम एकसारखा आहे. नाव, विभाग, रोजची सवय, त्यातून काय झालं, सहकाऱ्याचं वाक्य. कारण जिंकणाऱ्याची ओळख नकळत जास्त चांगली लिहिली जाते. निकाल आपल्याला माहीत असतो ना, मग त्याच्या ओळखीत एक आकडा जास्त येतो, वाक्यं जास्त सुबक होतात, शेवटी ठेवली जाते, आणि ऐकणाऱ्याला पुसटसं का होईना कळतंच. एकाबद्दल आकडा असेल तर तिघांबद्दल हवा, नाहीतर कोणाबद्दलच नको. इथे पगाराच्या कामाला दाखवण्यासारखा आकडाच नव्हता म्हणून मी तिघांचेही आकडे काढून टाकले. क्रम आडनावाच्या अक्षरांप्रमाणे लावा आणि सगळ्या पुरस्कारांना तोच नियम ठेवा, मग शेवटी कोण आलं यावरून कोणी काही ताडणार नाही.

लिहून झालं की एक सोपी चाचणी घ्या. निकाल माहीत नसलेल्या तीन-चार जणांना तिन्ही ओळखी वाचून दाखवा आणि विचारा, कोण जिंकलं असेल? उत्तरं विखुरली तर ठीक. सगळ्यांनी एकाच नावावर बोट ठेवलं तर त्या ओळखीचं वजन कमी करू नका, बाकीच्या दोघांसाठी पुन्हा फोन करून जास्त चांगला प्रसंग शोधा.

फोटोचंही तेच. एका व्हिडिओत माझ्या नजरेतून निसटलं होतं की दोघांचे फोटो जुन्या ग्रुप फोटोतून कापलेले होते आणि तिसरीचा मात्र छान नवा काढलेला होता. कारण ती जिंकली हे कळल्यावर कोणीतरी तिला खास फोटोसाठी बोलावलं होतं. ओळखी चालू असतानाच हॉलमध्ये तिच्या आजूबाजूचे तिच्याकडे बघून हसायला लागले, आणि उरलेले दोघं तो पूर्ण पॉज नुसते बसून होते, त्यांना आधीच कळलं होतं. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून निकाल लागायच्या आधीच, सगळ्या नॉमिनींचे फोटो एकाच दिवशी, एकाच भिंतीसमोर काढून घेते.

आणि दोन गोष्टी परवानगीशिवाय घालू नका: घरचं काही, म्हणजे आजारपण, अडचणी वगैरे, आणि कोणत्याही ग्राहकाचं नाव. प्रसंग कितीही हृदयाला भिडणारा असला तरी तो ज्याचा आहे त्याला आधी वाचून दाखवा. नावाचा उच्चारही त्याच फोनवर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्या आणि होस्टला ऐकवा. आडनाव लिहिलेलं बघून भलतंच म्हटलं जातं, आणि वर्षातून एकदा जेव्हा सगळ्यांसमोर नाव घेतलं जातं तेव्हाच ते चुकावं यासारखं वाईट काही नाही.

नावाआधीचं वाक्य, इथे मराठी आपल्याला फसवते

आता मुख्य मुद्दा. बहुतेक स्क्रिप्टमध्ये असं लिहिलेलं असतं: "आणि या पुरस्काराच्या मानकरी ठरल्या आहेत…" आणि पुढे चार सेकंदांचा पॉज. नॉमिनींमध्ये दोन पुरुष आणि एक बाई असेल तर संपलं की हो सगळं, "ठरल्या" म्हटल्याबरोबर हॉलला कळलं. "पुरस्काराचा विजेता आहे" म्हटलं की ताई बाद झाल्या आणि टीम नॉमिनी असेल तर तीही बाद. "विजेते आहेत" म्हटलं की आदरार्थी की अनेक जण या घोळात लोक टीमकडे बघायला लागतात. मराठीत क्रियापद आणि त्याच्या आधीचे चा-ची-चे सगळे माणसाप्रमाणे बदलतात, त्यामुळे वाक्यच निकाल फोडतं आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, कारण त्याला निकाल माहीत असतो आणि त्याच्या कानाला ते वाक्य अगदी बरोबर वाटतं.

उपाय सोपा आहे. वाक्याचा कर्ता माणूस न ठेवता पुरस्कार ठेवा. "हा पुरस्कार मिळतोय…" इथे क्रियापद पुरस्काराप्रमाणे चालतं, मग जिंकणारं कोणीही असो, बाई, पुरुष, पूर्ण टीम. आणि शेवटी "यांना" म्हणायचं असेल तर तेही सगळ्यांना चालतं. पण खरं सांगू, नावानंतरचं "यांना" टाळ्यांत बुडतंच, त्यामुळे मी ते लिहितच नाही. नाव हा शेवटचा शब्द, बस्स. नावानंतर "यांचं मनःपूर्वक अभिनंदन करूया" वगैरे लिहिलं तर होस्ट टाळ्यांवरून ओरडत राहतो.

हेच आधीच्या वाक्यांनाही लागू आहे. "आता ज्यांचं नाव मी घेणार आहे त्या…" हे सुद्धा फोडतं. त्यामुळे निकालाकडे नेणाऱ्या १५ सेकंदांतलं प्रत्येक वाक्य तिघांबद्दल तरी असावं किंवा पाकिटाबद्दल. असं:

"तिघांची कामं वेगळी, टेबलं वेगळी, वेळाही वेगळ्या. पण पगार वेळेवर होतो, खोकं बरोबर पोचतं, रात्रीचा फोन उचलला जातो."
(पॉज, १ सेकंद. होस्ट पाकिटाकडे बघतो.)
"पडद्यामागचा हात. हा पुरस्कार मिळतोय…"
(पॉज, ४ सेकंद. पाकीट उघडणं, कागद वाचणं, मान वर. कापू नये.)
"(पूर्ण नाव)!"

आणि एका पुरस्कारात एकच मोठा पॉज. नॉमिनींच्या ओळखीनंतर प्रत्येकी एखादा सेकंद थांबायचं, तो वेगळा, त्यांच्या विभागातल्या लोकांना टाळ्या वाजवायला जागा हवी म्हणून. पण "आणि हा पुरस्कार… मिळतोय… आपल्या…" असं तीनदा अडकवून ठेवलं की ताण वाढत नाही, चिडचिड वाढते.

पॉजमध्ये पडद्यावर काय चाललंय

समोर जिवंत माणूस गप्प उभा असेल तर पाच सेकंद सहज पेलवतात. व्हिडिओत होस्ट नुसता थिजून उभा राहिला की तिसऱ्या सेकंदाला लोकांना वाटतं नेट अडकलं. त्यामुळे पॉज म्हणजे बोलणं बंद, हालचाल चालू. पाकीट हे त्यासाठी फार उपयोगी आहे, नुसतं शोभेचं नाही: कागद बाहेर काढायला दोन सेकंद, मनात वाचायला एक, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघायला एक, झाले चार. होस्टला "चार मोज" असं सांगू नका, ओठांवर आकडे दिसतात. काय करायचं ते सांगा, वेळ आपोआप लागते. पाकीट मात्र चिकटवलेलं नको, नुसतं दुमडलेलं ठेवा, चिकटवलेलं फाडताना माइकमध्ये भयंकर आवाज येतो.

आवाजाची बाब पण मोठी आहे. पॉजमध्ये आवाजाची पट्टी एकदम शून्य केली तर ती शांतता वाटत नाही, स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. म्हणून शूटिंग झालं की सगळ्यांना ३० सेकंद गप्प उभं करा आणि त्या खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवा, पंख्याची अगदी बारीक घरघर, जे काय असेल ते. तो तुकडा एडिटरने पॉजखाली पसरायचा. म्युझिक वापरणार असाल तर "मिळतोय" या शब्दाबरोबर ते थांबवा, पॉजमध्ये खोलीचा आवाज राहू दे, आणि नावाचं शेवटचं अक्षर संपल्यावर म्युझिक परत आणा. नावाच्या वर म्युझिक आलं तर नाव ऐकू येत नाही, हे इतक्या वेळा होतं की मी आता स्क्रिप्टमध्येच लिहिते, "नाव पूर्ण ऐकू आल्यावर म्युझिक."

"कापू नये" हे शब्द पॉजच्या ओळीत का लिहिले ते पण सांगते. हल्ली एडिटर पहिल्यांदा काय करतात तर गप्प जागा आपोआप काढून टाकणारं फीचर चालवतात, वेळ वाचतो म्हणून. ते फीचर आपले मेहनतीने ठेवलेले पॉज सगळ्यात आधी खातं. पहिला कट हातात आला आणि सेगमेंट २ मिनिटं ३३ ऐवजी २ मिनिटं २० चा दिसला तर समजा की पॉज आणि टाळ्यांच्या जागा गेल्या.

सहा पुरस्कार असतील तर सहाही पॉज चार-चार सेकंदांचे नकोत, तिसऱ्या पुरस्कारापर्यंत लोकांना ठेका कळतो आणि ते मनात मोजायला लागतात. सुरुवातीच्या पुरस्कारांना दोन-तीन सेकंद, मध्ये एखाद्याला पाकीट उघडून लगेच नाव, आणि सगळ्यात मोठ्या पुरस्काराला पाच-सहा. त्याहून जास्त व्हिडिओत मला तरी टिकलेलं दिसलं नाही.

होस्टला निकाल कधी सांगायचा

निकाल माहीत असलेला माणूस ओळख वाचतानाच एका नावावर जरा जास्त हसतो, आवाज नकळत वर जातो. हे त्याच्या हातात नसतं. त्यामुळे सगळ्या ओळखी आधी शूट करा, होस्टला काहीच न सांगता.

मग निकालाचे टेक. इथे मी तिन्ही नावांचे तीन टेक घेते, "हा पुरस्कार मिळतोय" पासून नावापर्यंत एका दमात, तीन वेळा, तीन कागद पाकिटात घालून. नुसतं नाव वेगळं रेकॉर्ड करून जोडायचं नाही, होस्टचे हात आणि मान दोन तुकड्यांत जुळत नाहीत आणि कट दिसतो. याचे दोन फायदे होतात, शूटिंगला हजर असलेल्या कोणालाही खरा निकाल कळत नाही, आणि शेवटच्या दिवशी निकालात बदल झाला तर पुन्हा शूटिंग लागत नाही. तिन्ही टेक तितक्याच आनंदाने व्हायला हवेत हे होस्टला आधी सांगा. आणि कार्यक्रमानंतर न वापरलेले टेक लगेच डिलीट करा, एडिटरकडचे सुद्धा. जिंकू न शकलेल्या माणसाला आपलं नाव विजेता म्हणून पुकारलेला व्हिडिओ कुठून तरी मिळाला तर ते फार लागतं.

सबटायटल आणि फाइलचं नाव

सबटायटल लावणारा माणूस वाक्य पूर्ण एका तुकड्यात टाकतो, त्याची सवयच ती असते. मग होस्ट "मिळतोय" म्हणून थांबलाय, पाकीट उघडतोय, आणि खाली पडद्यावर नाव चार सेकंद आधीच आलेलं. म्हणून नावाचं सबटायटल वेगळं तोडायचं आणि ते आवाजाच्या किंचित नंतरच सुरू करायचं. आमच्या सेगमेंटमध्ये "मिळतोय" १ मिनिट ५० सेकंदांना संपतं आणि नाव १ मिनिट ५४ ला येतं, तर फाइल अशी दिसेल:

```
14
00:01:48,500 --> 00:01:50,200
हा पुरस्कार मिळतोय...

15
00:01:54,200 --> 00:01:57,000
(पूर्ण नाव)
```

मधले चार सेकंद पडदा रिकामा. नावाची पट्टी, म्हणजे ग्राफिकवर झळकणारं नाव, तीसुद्धा १ मिनिट ५४ सेकंदांच्या आधी नको.

फाइलच्या नावात विभाग किंवा विजेता नको, `puraskar_03_final.mp4` एवढं पुरे, कारण लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला की फोल्डर सगळ्या हॉलला दिसतं. लिंक पाठवणार असाल तर व्हिडिओवर दिसणारं चित्र स्वतः निवडा. ते आपोआप निवडलं गेलं तर नेमका विजेत्याचा फोटो असलेली फ्रेम यायची शक्यता असते.

टाळ्यांची जागा

नावानंतरचे १२ सेकंद होस्ट बोलत नाही. पडद्यावर विजेत्याचा फोटो, नाव, म्युझिक. घरून बघणाऱ्यांना या वेळात चॅटमध्ये अभिनंदन लिहायचं असतं, हॉलमध्ये माणूस खुर्चीतून उठायचा असतो. विजेता स्टेजवर येऊन ट्रॉफी घेणार असेल तर १२ सेकंद पुरणार नाहीत, पण म्हणून व्हिडिओ लांबवू नका आणि मधेच पॉज बटण दाबण्यावरही विसंबू नका, ते दाबणारा नेमका तेव्हा टाळ्या वाजवत असतो. सेगमेंटच्या दोन फाइल करा, पहिली फोटोवर संपणारी, दुसरी आभारांपासून सुरू होणारी. मधला वेळ जितका लागेल तितका लागू दे.

आभार

शेवटच्या २५ सेकंदांना लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि "सर्वांचे मनःपूर्वक आभार" लिहून मोकळे होतात. माझ्या मते होस्टची ऊब इथेच कळते, त्यामुळे इथे थोडं थांबते.

पहिले आभार जिंकू न शकलेल्या दोघांचे, आणि विजेत्याच्या कौतुकानंतर लगेच. "तुम्हीही विजेतेच आहात" असं म्हणू नका, त्यांना माहीत आहे की ते खरं नाही, नुकतंच सगळ्यांसमोर तसं जाहीर झालंय. त्याऐवजी त्यांच्या ओळखीतली एक खूण परत आणा, म्हणजे त्यांना कळेल की त्यांचं काम खरंच बघितलं गेलंय. समजा डिस्पॅचच्या ताई जिंकल्या, तर:

"(नाव), पुढच्या वेळी खोक्यावर टेप दिसली की आम्हाला तुमची आठवण होणार. (नाव), महिनाअखेरीच्या त्या फोनबद्दल, आणि (नाव), सकाळी तयार मिळणाऱ्या त्या दोन ओळींबद्दल, तुमचे दोघांचे आम्ही खरंच ऋणी आहोत. आणि ज्यांनी या तिघांबद्दल आम्हाला भरभरून सांगितलं त्या सहकाऱ्यांनाही थँक्यू, तुमच्यामुळे ही कामं आज सगळ्यांना दिसली."

तिन्ही टेकसाठी हे आभारही तीन प्रकारे लिहून शूट करावे लागतात, थोडं काम वाढतं, पण त्याला पर्याय नाही. "यांचं मोलाचं योगदान", "अथक परिश्रम" असले शब्द आले की कापा, ते कोणालाही चिकटतात. कोणी, काय केलं, त्याने आमचं काय सोपं झालं, एवढं एका वाक्यात आलं की आभार झाले.

पूर्ण कार्यक्रमाच्या शेवटच्या आभारात मात्र वीस-पंचवीस नावं येतात आणि ती होस्टच्या तोंडी घालू नयेत. दहाव्या नावानंतर कोणी ऐकत नाही, पण एक नाव राहिलं तर ते राहिलेलं नाव सगळ्यांच्या लक्षात राहतं. नावं पडद्यावर चालू द्या, होस्टने विभागांचे आणि कामांचे आभार मानायचे. यादी दोन वेगवेगळ्या माणसांकडून मागवा, एकमेकांना न दाखवता, आणि मग दोन्ही ताडून बघा. प्रत्येक वेळी एकीत नसलेली दोन-तीन नावं दुसरीत सापडतात, आणि ती बहुतेक साफसफाई करणाऱ्यांची, गेटवरच्यांची, किंवा वर्षाच्या मध्ये नोकरी सोडून गेलेल्यांची असतात. सोडून गेलेल्यांनी त्या वर्षी काम केलं असेल तर त्यांचं नाव राहू द्या.

शेवटी पूर्ण व्हिडिओ एकदा ज्या मशीनवरून दाखवायचा त्याच मशीनवर, त्याच स्पीकरवर, निकाल माहीत नसलेल्या एका माणसाला शेजारी बसवून बघा, अर्थात असा माणूस जो कार्यक्रमाला नसणार आहे. "मिळतोय" ऐकल्यावर त्याला विचारायचं नाही, फक्त त्याच्याकडे बघायचं. तो पडद्याकडे डोळे लावून बसला असेल तर फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, एक कॉपी दुसऱ्या माणसाकडे द्या.